सरळ केलेला कागद

आमच्या अंबाजोगाईत लोक फोटो काढायला कमी आणि फोटो सुधारायला जास्त येतात. वारलेल्या आजोबांचे मिटलेले डोळे उघडून दे, लग्नात रुसून बसलेल्या मेव्हण्याला मागच्या रांगेत उभा कर, नवरीच्या साडीचा रंग बदल. संगणक आल्यापासून तर लोकांना वाटतं, मी म्हणेन तसं जग होतं. अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, मन्मथअप्पांचा स्टुडिओ मंडीबाजारात पंचवीस वर्षं आहे. त्यांनी उभी हयात निगेटिव्हवर पेन्सिलीने मुरूम आणि देवीचे वण पुसण्यात घालवली. मी औरंगाबादहून सहा महिन्यांचा कोर्स करून आले आणि दोन हजार साली दुकानात संगणक, स्कॅनर आणि रंगीत प्रिंटर बसवला. अप्पा त्या खोलीत चपला काढून यायचे. मला हसू यायचं.

माझा स्वभाव तापट आहे, हे आधीच सांगते. आई म्हणायची, तुझ्या नाकावर माशी बसत नाही. बसत नाही, मग काय करू?

त्या सप्टेंबरात बारा किलोमीटरवरच्या एका गावचे त्रिंबकराव दुकानात आले. गावात त्यांना सगळे सरपंच म्हणतात. खरी सरपंच त्यांची बायको, सरस्वतीबाई. जागा बायकांसाठी राखीव झाली, म्हणून यांनी बायकोला उभं केलं आणि शिक्का स्वतःच्या खिशात ठेवला. त्यांच्या हातात दहा बाय बाराचा एक मोठा फोटो होता, अप्पांनीच काढलेला. गावच्या साक्षरता वर्गाच्या समारोपाचा. स्टेजवर तालुक्याचे साहेब एका ऊसतोड बाईला प्रमाणपत्र देतायत. बाईने डोक्यावरचा पदर दातात धरलाय, एका हाताने कागद पकडलाय, आणि ती कॅमेऱ्याकडे न बघता त्या कागदाकडेच बघतेय.

"ही भिवराबाई," त्रिंबकराव म्हणाले. "वस्तीवरची. वर्गात सगळ्यात हुशार. गडबडीत तिच्या हातात दुसऱ्याच बाईचं प्रमाणपत्र गेलं बघ. फोटूत तिचं नाव घालून दे. परवा बीडहून पडताळणीचे साहेब येणार हायेत, त्यांना मोठा फोटू दाखवायचाय."

मला बरं वाटलं, खोटं कशाला बोलू. गरीब बाईच्या फोटोत तिचंच नाव घालायचं, यात वाईट काय? फोटोतला कागद सहज वाचता येत नव्हता. तो बाईच्या हातात तिरका होता, डावी कड कॅमेऱ्याजवळ म्हणून मोठी, उजवी लांब म्हणून आखूड. डाव्या बाजूला फ्लॅशची चकाकी, उजवीकडे साहेबांच्या कोटाची सावली. मधल्या रेघेवर निळ्या पेनाने नाव लिहिलेलं, पण डोळे ताणून एकेक अक्षर लावावं लागलं असतं.

मी म्हटलं, "एक कोरं प्रमाणपत्र लागेल. कागदाची खरी लांबी-रुंदी कळल्याशिवाय सरळ करताना अक्षरं फुगतात."

त्यांनी पिशवीतून काढून दिलं. पिशवीत चांगला गठ्ठा होता. तेव्हा मला त्याचं काही वाटलं नाही.

फोटो स्कॅन केला. कागदाचे चारही कोपरे पडद्यावर कुठे आहेत ते आकडे वहीत लिहून ठेवले, कारण शेवटी तिथेच परत यायचं असतं. मग कागदाचा तुकडा वेगळ्या थरावर घेतला आणि एकेक कोपरा ओढत कोऱ्या प्रमाणपत्राच्या मापात बसवला. तिरकी अक्षरं हळूहळू उभी राहिली. यंत्र धापा टाकत होतं, एकेका ओढीला मिनिट-मिनिट लागायचं. मग त्या सरळ कागदाची एक नक्कल इतकी पुसट केली की अक्षरं विरून गेली आणि उजेड-सावली तेवढी उरली. ती नक्कल बाजूला जपून ठेवली. खालचा कागद चकाकीकडे थोडा गडद करून आणि सावलीकडे उजळून सगळा एकसारखा केला.

आता तो टेबलावर ठेवल्यासारखा वाचता येत होता. 'सौ. सरस्वतीबाई त्रिंबकराव यांनी साक्षरता वर्ग यशस्वीरीत्या पूर्ण केला.'

"हे तर वहिनींचं नाव आहे," मी म्हटलं.

"अगं, गठ्ठ्यात सगळ्यात वर तेच होतं. तेच दिलं हातात." ते हसले. "स्टेजवर तसंच असतंय. फोटूपुरतं द्यायचं, खाली उतरल्यावर गोळा करायचं."

हे खरं होतं. बक्षीस समारंभात पहिल्याचं प्रमाणपत्र तिसऱ्याला जातं, ढाली अदलाबदल होतात, मग मंडपामागे ज्याचं त्याला देतात. मी मान डोलावली आणि कामाला लागले.

जुनं नाव पुसलं. शेजारचा कोरा कागद उचलून अक्षरांवर ठेवत गेले आणि खालची ठिपक्यांची रेघ पुन्हा जुळवली. नवं नाव मात्र त्याच हातचं हवं होतं, नाहीतर बाकीच्या अक्षरांशी जुळलं नसतं.

"हे कुणी भरलंय?" मी विचारलं.

"मीच," ते म्हणाले, आणि कोऱ्या कागदावर झोकात लिहून दिलं, 'श्रीमती भिवराबाई सुग्रीव'. मी ते स्कॅन करून रेघेवर ठेवलं आणि थराची जात अशी निवडली की पांढरं विरून जातं, शाई तेवढी खालच्या कागदात मुरते. मग उलटा प्रवास. वहीतल्या आकड्यांवर चारही कोपरे परत नेले. दोनदा ताणल्यावर अक्षर मऊ पडतं, म्हणून सगळा कागद बदलला नाही. नावाची पट्टी तेवढी ठेवली, बाकी मूळचाच राहू दिला. जपलेली उजेड-सावली तशीच तिरकी करून पट्टीवर अंथरली. 'भिवरा' चकाकीत गेलं, 'सुग्रीव' कोटाच्या सावलीत. फिल्मच्या फोटोला बारीक दाण्यांचा रवा असतो, तोही थोडा पेरला. बाईचा अंगठा सगळ्या थरांच्या वर आणून ठेवला.

काम फर्मास झालं होतं. अप्पा भिंग घेऊन आले, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, "जोड सापडत न्हाई." अप्पांच्या तोंडून यापेक्षा मोठं कौतुक मी कधी ऐकलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्रिंबकराव प्रिंट घेऊन गेले.

त्याच दुपारी भिवराबाई आली.

समारंभाच्या दिवशी अप्पांनी तिला एक कॉपी देतो म्हटलं होतं, ती घ्यायला. पन्नाशीची, काटक, हातावर उसाच्या पाचटाचे जुने चरे. मी तिला कौतुकाने आत बोलावलं. म्हटलं, मावशी, बसा, तुमचं नाव दाखवते. आणि दाखवताना माझी चूक झाली, किंवा बरंच झालं. बदललेल्या फोटोऐवजी पडद्यावर आधी सरळ केलेला मूळ कागद आला.

तिने खुर्ची पुढे ओढली. बोट पडद्याला न लावता, चार अंगुळं अलीकडे धरून, एकेका अक्षराखालून नेऊ लागली. "सौ. स...र...स्व...ती..." जोडाक्षरापाशी थांबली, मागे गेली, पुन्हा आली. पूर्ण ओळ वाचायला तिला दोन-तीन मिनिटं लागली असतील. मग ती मागे टेकली.

"म्हंजे ह्ये माझं नव्हतंच," ती म्हणाली. "मी तिथं वाचायलेच होते. पर साहेबांनी कागद वाकडा धरला, आन पायरी उतरले तवा मास्तरनं वढून घेतला. म्हणला, मागून देतो. दिलाच न्हाई. कुणालाच न्हाई दिला."

"कुणालाच?"

"आमी एकोणीस बाया. उन्हाळ्यापास्नं मारुतीच्या पारावर बसून शिकलो. एकीला बी न्हाई. पास झालेल्यांच्या यादीत सगळी सरपंचांच्या भावकीतली नावं हायेत, जी एक दिस बी आली न्हाईत."

त्रिंबकरावांच्या पिशवीतला कोऱ्या प्रमाणपत्रांचा गठ्ठा मला तेव्हा आठवला, आणि त्यांचं ते झोकात लिहिलेलं अक्षर.

मग तिने पेटीचं सांगितलं. वर्गाला सरकारकडून पुस्तकांची एक पत्र्याची पेटी मिळाली होती, दीडशे पुस्तकांची. दसऱ्यानंतर या बाया साखर कारखान्यावर जाणार, सहा महिने उसाच्या फडावर, पाचटाच्या कोपीत, म्हणजे झोपडीत राहणार. पेटी सोबत न्यायची, रोज संध्याकाळी एकीने वाचायचं, बाकीच्यांनी ऐकायचं, असं त्यांचं ठरलेलं. त्रिंबकरावांना पेटी घरी हवी होती. ओसरीवर वाचनालयाची पाटी लावायची, पुढचं अनुदान येतं. आणि नियम असा की ज्या भागात साक्षर झालेल्या बाया जास्त असतील, पेटी तिथे. वस्तीवर कागदोपत्री एकही नव्हती.

"उद्या साहेब येनार. वस्तीवरची एक बाई दाखवली की झालं, गरिबाला शिकवलं म्हणून. ती मी," भिवराबाई म्हणाली. "पेटी त्यांच्या घरात. आमी न शिकताच फडावर."

मी तिला दुसरा फोटो दाखवला. माझा. तिच्या नावाचा. म्हणजे मला लाज वाटली म्हणून नाही, तिला माहीत असलं पाहिजे म्हणून. तिने तोही वाचला, हा लवकर वाचला, स्वतःचं नाव होतं. क्षणभर तिचा चेहरा उजळला. ते मी पाहिलं आणि मला माझाच राग आला.

"लई चांगलं लिवलंय," ती म्हणाली. "पर ह्ये फोटूतच हाय व्हय?"

"फोटोतच आहे, मावशी."

"मग ह्ये नगं. मला त्यो वाकडा कागद सरळ करून पायजे. हाय तसा. मोठा."

मी प्रिंट काढायला बसले तेव्हा अप्पा दारात उभे होते. त्यांनी सगळं ऐकलं होतं. पंचायतीचं काम जाईल, शिक्षकांचे ग्रुप फोटो जातील, हे त्यांच्या चेहऱ्यावर लिहिलेलं होतं. मी आधीच भांडायच्या तयारीत होते. ते वळले, निगेटिव्हचं कपाट उघडलं आणि त्या दिवसाची पट्टी काढून माझ्यासमोर ठेवली.

"मी जन्मभर लोकांच्या तोंडावरचे डाग काढले," ते म्हणाले. "डाग काढून माणूस तोच राहायचा. तू काल डाग लावलास. आता निस्तर."

मला बोलणी खायची सवय नाही. ही मी मुकाट खाल्ली.

दुसऱ्या दिवशी मी आणि भिवराबाई जीपने गावात गेलो. पडताळणी शाळेच्या मोठ्या खोलीत होती. बीडचे साहेब पिकल्या मिशांचे, घाईत नसलेले. त्रिंबकराव शेजारी, आणि भिंतीला लागून खुर्चीत सरस्वतीबाई, नवं लुगडं नेसून, मान खाली. दाराबाहेर वस्तीवरच्या अठरा बाया उभ्या. टेबलावर माझा फोटो होता, फ्रेम करून आणलेला.

त्रिंबकरावांनी भिवराबाईला पुढे बोलावलं. "ह्या बघा साहेब, आमच्या भिवराबाई. फोटूत बी नाव हाय."

"नाव खोटं हाय," भिवराबाई म्हणाली, आणि आपले दोन प्रिंट टेबलावर ठेवले. एक फोटो मूळचा, माझ्याच प्रिंटरवर, त्याच कागदावर काढलेला. दुसरा सरळ केलेला कागद, मोठा.

साहेबांनी चष्मा लावला. फ्रेममधला फोटो आणि मूळचा फोटो शेजारी ठेवले. बाई तीच, स्टेजवरचे साहेब तेच, पदर तसाच, कागद तसाच तिरका, चकाकी डावीकडे, सावली उजवीकडे. नाव तेवढं वेगळं, आणि दोन्हीकडे एकाच हाताचं.

"यातला खरा कोणता?"

"आमचा," त्रिंबकराव लगेच म्हणाले. "ही मन्मथअप्पाची पोरगी संगणकावर काय बी करती. त्यो सरळ केलेला कागद बघा, फोटूत कुणी असा सरळ कागद धरतंय का? ह्येच बनावट."

असा निगरगट्ट माणूस मी दुसरा पाहिला नाही.

"करते, काय बी करते," मी म्हटलं. "म्हणूनच सांगते. फ्रेममधला मी केलाय. परवा, यांच्या सांगण्यावरून, यांनीच नाव लिहून दिलं. सरळ कागदात मी अक्षर बदललं नाही, फक्त तिरकेपणा काढला. पाहिजे तर ही निगेटिव्ह बघा."

साहेबांनी पट्टी खिडकीशी धरली, मी आणलेलं अप्पांचं भिंग लावलं, डोळे बारीक केले. पण नखाएवढ्या चित्रातलं खसखशीएवढं नाव. "काहीतरी लिहिलंय," ते म्हणाले. "कुणाचं, ते मी शपथेवर सांगू शकत नाही."

त्रिंबकराव मिशीवरून हात फिरवायला लागले. मी इतकी तंतोतंत कारागिरी केली होती की आता माझंच खरं कुणाला पटत नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा मला वाटलं, हात थोडा वाईट असता तर बरं झालं असतं.

साहेब थोडा वेळ दोन्ही फोटो बघत बसले. मग म्हणाले, "ज्यांचं नाव आहे त्यांनाच विचारू. यादीत सरस्वतीबाई पहिल्या आहेत, शंभरपैकी शहाण्णव गुण. ताई, इकडे या. या दोन फोटोंपैकी तुमचं नाव कोणत्या फोटोत आहे, तेवढं सांगा."

सरस्वतीबाई उठल्या. त्रिंबकरावांनी बोट पुढे केलं. साहेब म्हणाले, "त्यांना बघू द्या."

त्यांनी एक फोटो घेतला, मग दुसरा. जवळ धरले, लांब धरले. भिवराबाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं, कोटाकडे पाहिलं, अंगठ्याकडे पाहिलं. दारातल्या बायांनी माना आत घातल्या होत्या. बऱ्याच वेळाने त्यांनी दोन्ही फोटो टेबलावर ठेवले.

"दोनी सारकेच हायेत की," त्या म्हणाल्या.

त्रिंबकराव काहीतरी बोलायला लागले. सरस्वतीबाई त्यांच्याकडे वळल्या. त्यांचा आवाज मी त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला, आणि तो चांगला खणखणीत होता.

"गप बसा. पाच वर्सं कुटं अंगठा लावू, इतकंच इचारलं मी तुमाला. शिकू का, असं इचारलं तवा म्हणलात, सरपंचिणीनं तसल्या बायांत पारावर बसायचं न्हाई. आन शहाण्णव मार्क दिलेत? मला न इचारता?" मग साहेबांना म्हणाल्या, "साहेब, माझा कागद फाडा. पेटी ज्यांची हाय त्यांना द्या. माझ्या वसरीवर आली तर मी रस्त्यावर मांडीन."

साहेबांनी पहिली यादी बाजूला सारली. त्रिंबकरावांच्या पिशवीतला कोरा गठ्ठा मागून घेतला. मग शाळेतलं तिसरीचं पुस्तक आणून दारातल्या बायांना एकेक करून आत बोलावलं आणि वाचायला लावलं. कुणी भराभर वाचलं, कुणी घाम पुसत. दोघी अडखळल्या. साहेबांनी त्यांना पुन्हा वेळ दिला.

सगळ्यात आधी भिवराबाई होती. तिचं वाचून झाल्यावर साहेबांनी कोरं प्रमाणपत्र समोर ओढलं, पेनाचं टोपण काढलं. "पूर्ण नाव सांगा, मावशी."

"सांगत न्हाई," ती म्हणाली. "पेन द्या. मी लिवते."

साहेबांनी पेन दिलं. ती खुर्चीत बसली नाही. उभ्यानेच टेबलावर वाकली, डाव्या तळव्याने कागद घट्ट दाबला आणि लिहू लागली. अक्षरं मोठी होती, एकेकाला जागा लागत होती. आडनावापर्यंत येईतो ठिपक्यांची रेघ संपली. पुढे छापील मजकूर होता.

"मावशी, रेघेच्या बाहेर चाललं," साहेब म्हणाले.

"जाऊ द्या भाईर," भिवराबाई म्हणाली, आणि छापील अक्षरांवरून आपलं नाव पुरं केलं.